‘उद्‌गम’वर नाव नाही म्हणजे ठेव नाही, असे नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकातला विसरलेल्या ठेवींवरचा लेख वाचला आणि संताप आला. विसरलेल्या बँकठेवी शोधायच्या ‘उद्‌गम’ पोर्टलवर नाव टाका, पाच मिनिटांत कळेल, असे सांगून लेखक मोकळे झाले. आमच्या आत्याच्या ठेवीसाठी मी जे केले, त्यातले त्या लेखात काहीही नाही. आणि घरी थकलेली माणसे तो लेख वाचून एकदा शोधतील, काही सापडले नाही की कायमचा विषय बंद करतील.

रिझर्व्ह बँकेचे udgam.rbi.org.in ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले. तिथे नावासोबत पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी एक तरी लागते, नसेल तर पत्ता. जुन्या खात्यांना पॅन जोडलेलाच नसतो, त्यामुळे आत्याचा पॅन टाकून काही निघाले नाही. जन्मतारीख टाकली, तरी नाही. तेव्हा आमच्या घरीही “काही नसेलच” असे ठरून गेले.

आत्या बडोद्यातच शिक्षिका होती, अविवाहित, आणि २०११ मध्ये गेली. शेवटची काही वर्षे अंथरुणावर होती. तिची ट्रंक आवरताना एका डायरीत घडी घालून ठेवलेली १५एच फॉर्मची कार्बन प्रत मिळाली. २००८ च्या एप्रिलची, खाली शाखेचा निळा गोल शिक्का आणि हातानेच लिहिलेली पोच. टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिक हा फॉर्म दरवर्षी, जिथे जिथे ठेव असे त्या प्रत्येक बँकेत देत. म्हणून १५एचची एक प्रत म्हणजे तिथे त्या वर्षी ठेव होती याचा पुरावाच. पासबुके हरवतात, पावत्या बँकेत जातात, पण ही पोच आपल्याकडे राहते. लेखात हे एक वाक्य असते तरी कितीतरी घरांचे काम झाले असते. पेन्शनच्या खात्याचे जुने पासबुकही असेच वाचावे: तीन महिन्यांनी ठरावीक व्याज जमा होत असेल, तर ते कुठल्या तरी ठेवीचे असते.

शिक्क्यावरची बँक आता अस्तित्वात नाही, दुसऱ्या बँकेत विलीन झाली. हे सगळीकडे झाले आहे. २०१९ च्या १ एप्रिलला देना बँक बँक ऑफ बडोदात गेली, त्याआधी २००८ मध्ये स्टेट बँक ऑफ सौराष्ट्र स्टेट बँकेत. (आमच्या आत्याची बँक या दोन्हींपैकी नाही.) पोर्टलवर शोधायचे ते आजच्या बँकेच्या नावाखाली.

आणि तिथे आत्या मिळाली, पण तिच्या नावाने नाही. घरी ती कमल. खात्यात मात्र आडनाव आधी, मग Kamlaben. गुजरातेतल्या कारकुनाने सवयीने ‘बेन’ जोडले आणि बडोद्यातल्या मराठी घरांत हे सर्रास झालेले आहे. गायकवाडांचे Gaekwad होते आणि Gaikwad पण, कुलकर्णींच्या नावामागे वडिलांचे नाव लागते किंवा नुसते आद्याक्षर. ज्या काळात, ज्या गावात खाते उघडले, तिथला कारकून कसे लिहील, त्या सगळ्या स्पेलिंगनी शोधायला हवे, बेन-भाई लावून आणि न लावून. पोर्टल रक्कम दाखवत नाही, ठेवीला एक संदर्भ क्रमांक देते. तो उतरवून शाखेत जायचे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. दहा वर्षे ज्या ठेवीला कोणी हात लावला नाही, तीच रिझर्व्ह बँकेच्या ‘ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी’त जाते, आणि ‘उद्‌गम’ तेवढीच दाखवते. कोणाचे वडील २०१८ मध्ये गेले आणि त्यांची ठेव २०१९ ला पिकली असेल, तर ती २०२९ पर्यंत तिथे दिसणारच नाही. ती बँकेत आहेच, पण पोर्टल कोरे. शिवाय मार्च २०२४ पर्यंत त्यावर ३० बँका आल्या होत्या, गावोगावच्या बहुतेक सहकारी बँका त्यात नव्हत्या. अशा घरांना शाखेतच लेखी अर्ज द्यावा लागतो. आपल्या लेखकांनी ‘नाव नाही तर ठेव नाही’ असा समज पसरवला, याचे मला फार वाईट वाटते.

मग शाखा. काउंटरवर सांगितले, “पैसे आरबीआयकडे गेले, आता तिकडेच जा.” हे साफ चुकीचे आहे. वारसाला पैसे बँकेनेच द्यायचे असतात आणि नंतर बँक ते त्या निधीतून वसूल करते. व्याजही मिळत नाही म्हणाले. तेही चूक. व्याजाची ठेव असेल तर निधीत गेल्यावरही सरळ व्याज चालू राहते, १ जुलै २०१८ पासून साडेतीन टक्के, ११ मे २०२१ पासून तीन टक्के. आत्याची ठेव २००९ च्या एप्रिलला पिकली होती, म्हणजे २०१९ च्या मे महिन्यात निधीत गेली. तेव्हाचे चाळीस हजार धरले, तर पहिल्या दोन वर्षांचे २,८००, पुढच्या चार वर्षांचे ४,८००, असे मे २०२५ पर्यंत ७,६०० रुपये होतात. त्यासाठी कागदावर हिशोब मांडून दाखवावा लागला!

ठेवीला नॉमिनी नव्हता. माझे वडील आत्याच्या आधीच गेले, त्यामुळे त्यांच्या वाट्यावर आई, ताई आणि मी, आणि पुण्याचे काका. माझ्या नावाने रक्कम घ्यायची तर बाकीच्या सर्वांचे ना-हरकत पत्र आणि माझे हमीपत्र. हे रास्त आहे, आम्ही दिले. त्यावर त्यांनी वारसा दाखला कोर्टातून आणा म्हटले. एवढ्या रकमेसाठी! सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या नियमांत, वाद नसेल तर व्यापारी बँकेने पंधरा लाखांपर्यंत कोर्टाच्या दाखल्याशिवाय दावा निकाली काढायचा आहे, सहकारी बँकेने पाच लाखांपर्यंत, आणि सगळी कागदपत्रे मिळाल्यापासून पंधरा दिवसांत. हे बँकांनी ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणायचे होते. मी अर्ज दोन प्रतींत दिला आणि एका प्रतीवर तारखेसह शिक्का मागून घेतला. तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो. पोच असेल तर तीस दिवसांनी cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तसे लेखी कळवताच काउंटरवरची भाषा बदलली.

जाता जाता, टपाल खात्याच्या ठेवींचा लेखात उल्लेख नाही. त्या ‘उद्‌गम’वर येत नाहीत. आमचे शेजारी संध्याकाळभर वडिलांची राष्ट्रीय बचत पत्रे तिथे शोधत बसले. त्यांनी ती ज्या टपाल कार्यालयातून घेतली तिथेच चौकशी करायची, एवढे तरी पुढच्या अंकात छापावे.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदा