मुलुंडचा चेकनाका ओलांडला आणि कर वाढला : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
सविनय नमस्कार.

मागच्या वर्षी आम्ही मुलुंडमधले भाड्याचे घर सोडून चेकनाक्यापलीकडे ठाण्यात आलो. ऑफिस तेच, अंधेरीचे. भाडेही तेच, महिना 28,000 रुपये. कर तेवढा वाढला.

माझे मूळ वेतन 50,000 आणि घरभाडे भत्ता 25,000 रुपये. सूट ठरवताना तीन आकडे मांडतात आणि सर्वांत लहान घेतात. पहिला आकडा मिळालेला भत्ता, म्हणजे 25,000. दुसरा, भाड्यातून मूळ वेतनाचा दहावा हिस्सा वजा करून उरलेले 23,000. तिसरा शहरावर अवलंबून : मुंबईत मूळ वेतनाचे 50 टक्के, ठाण्यात 40. मुलुंडला असताना तिसरा आकडा 25,000 होता, त्यामुळे सूट 23,000 मिळायची. ठाण्यात तो 20,000 झाला आणि सूटही तेवढीच उरली. वर्षाला 36,000 रुपये जास्तीचे करपात्र. 20 टक्क्यांचा कर आणि त्यावर 4 टक्के उपकर धरला, तर 7,488 रुपये.

ऑफिस मुंबईत आहे ना, मग 50 टक्के लावा, असे मी पगार विभागाला म्हणालो. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितले, "ऑफिस कुठे आहे ते नाही, घर कुठे आहे ते बघतात." नियमाप्रमाणे त्यांचे बरोबरच होते.

आता यातली खोच सांगतो. माझे भाडे 24,000 असते, तर दुसरा आकडा 19,000 आला असता, तोच सर्वांत लहान ठरला असता आणि मुलुंड काय, ठाणे काय, काही फरक पडला नसता. भाडे मूळ वेतनाच्या निम्म्याच्या वर गेले की मगच 40 टक्क्यांची कात्री लागते. म्हणजे ज्याचा अर्ध्याहून जास्त बेसिक घरमालकाकडे जातो, नेमका तोच कापला जातो. नव्या करप्रणालीत ही सूटच नाही, तेव्हा प्रश्न जुनी प्रणाली निवडणाऱ्यांपुरताच आहे, हे मान्य. पण आमच्यासारखे भाडेकरू तर या सुटीपायीच तिथे थांबलेत.

आणि ठाणे म्हणजे मुंबई नव्हे, असे आपले मंत्रालय तरी कुठे म्हणते? केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता ठरवताना आपल्याच व्यय विभागाच्या यादीत बृहन्मुंबई नागरी समूह सर्वाधिक भत्त्याच्या 'एक्स' वर्गात आहे आणि त्या समूहात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली येतात. भत्ता देताना ठाणे मुंबईत, कर घेताना मुंबईबाहेर!

नवी शहरे यादीत घाला, अशी मागणी मी करत नाही. प्राप्तिकर नियमात 'मुंबई' आहे, तिथे 'बृहन्मुंबई नागरी समूह' असे करावे, एवढेच मागणे.

आपला,
चेकनाक्यापलीकडचा एक पगारदार भाडेकरू