ओमला शपथ घालू नकोस

चि. राजू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू इतका चिडला होतास की फोनवर मला चार वाक्यं नीट बोलता आली नाहीत. म्हणून सकाळी चहा झाल्याझाल्या लिहायला बसले. ओमच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात तुला व्हेप सापडला. हायलायटरएवढा, आंब्याच्या गोळीसारखा वास येणारा. तो तू तुझ्या कपाटात ठेवला आहेस आणि आज-उद्या त्याला समोर बसवून मेधाच्या गळ्याची शपथ घ्यायला लावणार आहेस. राजू, तेवढं करू नकोस.

हे मी का सांगते ते तुला माहीत आहे. तू दहावीत असताना तुझ्या शर्टाच्या खिशात मला तंबाखूचा चुरा आणि दोन वेलदोडे सापडले होते. मी तुझा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हटलं, परत ओढलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. तू शपथ घेतलीस आणि रडलास. मला वाटलं, मिटलं. मग तू पंचविशीत असताना एकदा सांगितलंस की ती शपथ तिसऱ्या दिवशी मोडली होती आणि पुढची चार वर्षं तू सिगारेटपेक्षा जास्त ती मोडलेली शपथ लपवत होतास. त्या वर्षांत तू माझ्याशी मान वर करून बोलायचा नाहीस. मी म्हणायचे, वयच तसं आहे. वयाचं नव्हतं ते, माझं चुकलं होतं.

तिसराच दिवस का, हे मला तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून बसायला लागल्यावर कळलं. निकोटिन बंद केलं की तलफ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त छळते. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, झोप मोडते, सारखं काहीतरी खावंसं वाटतं. मग हळूहळू ओसरत तीन-चार आठवड्यांत बरंचसं निवळतं. मिश्री लावणाऱ्या बायका, मावा खाणारे रिक्षावाले, कुणाचंही तेच. म्हणजे आपण मुलाकडून सोमवारी शपथ घेतो आणि त्याचं शरीर बुधवारी त्याला ती मोडायला लावतं. मग त्याच्याकडे लपवायला दोन गोष्टी होतात. व्हेप एक वेळ तो सांगेलही, पण आईच्या गळ्याची शपथ मोडली हे कुठलं मूल सांगणार?

तू म्हणालास, हे काय सिगारेटसारखं नाही, नुसता फ्लेवर आहे. ओमलाही तसंच वाटत असेल, आणि तसं तो म्हणाला तर त्याला खोटारडा ठरवू नकोस. खरंच माहीत नसतं मुलांना. त्या नळीवर बारीक अक्षरात 5 टक्के लिहिलंय का बघ. त्याचा अर्थ एका मिलिलिटरमध्ये 50 मिलिग्रॅम निकोटिन. नळीत 2 मिलिलिटर द्रव असेल तर 100 मिलिग्रॅम झालं. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक-दीड मिलिग्रॅम जातं, त्यावरून अंदाज घे. एवढं कडक निकोटिन पूर्वी घशाला सहनच झालं नसतं. पण यात ते आम्ल घालून क्षाराच्या रूपात दिलेलं असतं, त्यामुळे घसा ओरबाडत नाही, ठसका लागत नाही. तुला पहिल्या सिगारेटला जो खोकला आला होता, तो ओमला आलाच नसेल. थांब म्हणून सांगणारं शरीरातलं कुणी उरलंच नाही. आणि आपल्याकडे 2019 पासून याची विक्री, आयात, साठा सगळंच कायद्याने बंद आहे, म्हणजे हातात आलेला माल चोरीछुपे आलेला. वर काहीही लिहिलेलं नसलं किंवा शून्य लिहिलेलं असलं, तरी त्यावर विश्वास ठेवू नकोस.

आता बोलायचं कसं ते. आजच बोल. नळी नाहीशी झाली हे त्याला काल रात्रीच कळलं असणार आणि तो तुझी वाट बघतोय. जितका उशीर करशील तितकी उत्तरं तयार होतील. जेवणाच्या टेबलावर नको, मेधा आणि तू दोघं मिळून समोर नको. त्याला घेऊन तळजाईला चालायला जा. शेजारी-शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आणि मधे पाच मिनिटं कुणी बोललं नाही तरी अवघड वाटत नाही.

जे तुला माहीत आहे ते विचारू नकोस. ‘दप्तरात काय असतं रे तुझ्या?’ हा प्रश्न नाही, सापळा आहे. तो घाबरून ‘काही नाही’ म्हणणार आणि तू त्याला खोटं बोलताना पकडणार. पहिलं खोटं तूच बोलवून घेतलेलं असेल. त्याऐवजी सरळ सांग: ‘मी काल चार्जर शोधताना तुझं दप्तर उघडलं. तुला न विचारता उघडलं, ते मला करायला नको होतं. त्यात व्हेप मिळाला, तो माझ्याकडे आहे. तो मी परत देणार नाही. तू हे ओढावंस असं मला अजिबात वाटत नाही, आणि हे मी आज एकदाच सांगतोय. आता मला तुझ्याकडून समजून घ्यायचंय.’ एवढं बोलून गप्प राहा. गप्प राहणं तुला जड जाईल. तरी राहा.

‘कुणी दिलं?’ हे तुझ्या ओठांवर पहिलं येईल, मला माहीत आहे. ते गिळ. सोळा वर्षांच्या मुलाच्या कानाला तो प्रश्न ‘मित्राला पकडून दे’ असा ऐकू येतो. मित्राला वाचवायला म्हणून तो तोंड मिटतो आणि मग बाकीच्यालाही कुलूप लागतं. ते नाव पुढे कधीतरी आपोआप येईल.

मला केंद्रात सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न वेगळाच होता: ‘सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळाने घेतोस?’ यात चांगलं-वाईट काही नाही, त्यामुळे मुलं खरं सांगून टाकतात. शनिवारी मित्रांबरोबर कधीतरी, असं म्हणाला तर अजून सवय नुसती बाहेरची आहे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागतं, रात्री उशाशी असतं, मधल्या सुट्टीपर्यंत दम निघत नाही, असं काही ऐकलंस तर समज की शरीर अडकलंय. निकोटिन दोनेक तासांत रक्तात निम्म्यावर येतं, म्हणून दुसऱ्या तासानंतर वर्गात त्याचा पाय हलायला लागतो. गेल्या सत्रात बाई म्हणाल्या होत्या ना, सारखा बाथरूमला जातो म्हणून? तेव्हा तुम्ही पोटाच्या डॉक्टरकडे गेला होतात. आणि एक विचार, त्यात निकोटिनशिवाय दुसरं काही, गांजाचं तेल वगैरे, असतं का. हो म्हणाला तर ओरडू नकोस, तीही डॉक्टरांना सांगायची माहिती आहे. छातीत दुखणं, धाप लागणं, उलट्या असं काही असेल तर मात्र चालणं-बोलणं थांबव आणि त्याच दिवशी दवाखान्यात ने.

मग विचार, ‘सोडावंसं दहापैकी किती वाटतं?’ समज, तो म्हणाला तीन. तुझं मन म्हणेल, फक्त तीन? तसं म्हटलंस की तो सात गोष्टी न सोडण्याच्या बाजूने सांगेल. उलटं विचार: ‘तीन का? शून्य का नाही?’ मग बघ, तोच सांगायला लागेल. फुटबॉलला दम लागतो म्हणेल, पैसे जातात म्हणेल, वर्गात सारखं तेच डोक्यात असतं म्हणेल. तुझ्या तोंडून आलेली कारणं तो खोडून काढेल, स्वतःच्या तोंडून आलेली नाही काढणार. तू फक्त त्याचं वाक्य त्याला परत म्हणून दाखव. ‘म्हणजे मॅचला मागे पडतोस, ते लागतंय तुला.’ बस. लगेच ‘मग सोड ना!’ जोडू नकोस. माझ्याकडून हे कितीदा झालं, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस खुर्चीत मागे सरकलेला मी पाहिलाय.

शपथेऐवजी तारीख ठरवा. त्यालाच ठरवू दे, फक्त चाचणी परीक्षेच्या आठवड्यात नको. दुसरा-तिसरा दिवस शनिवार-रविवारी येईल अशी बघा, म्हणजे तो घरी असेल आणि त्याच्या चिडण्याकडे तुम्हाला कानाडोळा करता येईल. त्या दोन दिवसांत तो उलट बोलला तर संस्कार काढू नका, ते निकोटिन बोलत असतं. तलफ काही मिनिटांची असते, तेवढ्यात गार पाणी, दोन जिने, मित्राला फोन, जे त्याला सुचेल ते. मेडिकलमधून निकोटिनचा च्युइंगगम तू आणून देऊ नकोस. अठराच्या आतल्या मुलाला तो डॉक्टरांनीच ठरवून द्यायचा. सरकारी हेल्पलाइन आहे, 1800-11-2356, सिगारेटच्या पाकिटावर छापलेली असते, पैसे पडत नाहीत. नंबर त्याला दे, फोन त्याचा त्याला करू दे. तू दाराशी उभा राहू नकोस.

आणि एक बोली त्याच्याशी पक्की कर. घसरला आणि त्याने आपणहून सांगितलं, तर त्या सांगण्याची शिक्षा नाही. मोबाइल जाणार नाही, फुटबॉल बंद होणार नाही, मेधा रडणार नाही. फक्त ‘तेव्हा कुठे होतास, बरोबर कोण होतं, काय झालं होतं’ एवढं विचारायचं, कारण पुढच्या वेळी तिथेच सावध राहायचंय. बंधनं असू देत, घरात ओढायचं नाही, दुसऱ्या मुलाला द्यायचं-विकायचं नाही. ती मोडली तर रागव. पण खरं बोलण्यावर कधीच नको. तू हे एकदा जरी मोडलंस, ‘सांगितलंस म्हणून कळलं, दे आता फोन’ असं केलंस, तर दुसऱ्यांदा तो सांगायला येणार नाही.

तुझी स्वतःची सिगारेटची गोष्ट त्याला सांग, पण पहिल्या दिवशी नको. पहिल्या दिवशी सांगितलीस तर बोलणं तुझ्यावरच जाईल. त्याचा तिसरा दिवस सरेल तेव्हा सांग, माझ्या शपथेसकट.

मी पुढच्या गुरुवारी येते आहे. मला हे माहीत आहे, हे त्याला मी यायच्या आधी तूच सांग. माझ्या पाठीमागे सगळे कुजबुजतात असं त्याला वाटायला नको. मी आपणहून विषय काढणार नाही. त्याला आवडतात त्या खोबऱ्याच्या वड्या आणते, बाकी तो बोलला तर बोलू.

तुझी,
आई