मनगटावरचा आकडा बघून वजन वाढवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्मार्टवॉचवरचा लेख वाचला. ‘वजन उचलताना घड्याळात ठोके 110 च्या वर जात नसतील तर मेहनत कमी पडते आहे, वजन वाढवा’ हा त्यातला सल्ला चुकीचा आहे आणि त्यामुळे एखाद्याची पाठ धरू शकते, म्हणून हे पत्र.

घड्याळाखालचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. रक्त हिरवा प्रकाश बराच शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो. हा फरक चांगल्या स्थितीतही एक-दोन टक्क्यांच्या घरात असतो, बरेचदा त्याहूनही कमी. एवढ्याशा चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. हात हलला की त्यात भेसळ होते, आणि ती काढून टाकायला आत हालचाल मोजणारा वेगळा सेन्सर असतो. चालताना हात एका लयीत हलतो, तेव्हा ही वजाबाकी बऱ्यापैकी जमते.

डेडलिफ्टमध्ये नेमकं उलटं होतं. हात सरळ खाली लटकलेला असतो, फारसा झुलत नाही, पण मूठ आवळलेली असते. घड्याळ काढून मूठ घट्ट आवळा आणि मनगटाकडे बघा: शिरा-स्नायूबंध ताणून वर येतात, त्वचा सरकते. आवळलेल्या स्नायूंमुळे तिथल्या रक्ताचा प्रवाहही बदलतो. हे सगळं काचेच्या अगदी खाली घडतं आणि हालचालीच्या सेन्सरला त्याचा पत्ताच लागत नाही. मग वजा काय करणार? बेंच प्रेसमध्ये मनगट मागे वाकलं तर घड्याळाची कड हाताच्या पाठीत रुतते, ती भर वेगळीच.

आता आठ रिपचा एक सेट घ्या, साधारण 35 सेकंदांचा. समजा ठोके 95 वरून 150 वर गेले. घड्याळ मात्र 105 च्या आसपास अडकून राहतं. बार खाली ठेवला, मूठ सुटली, की काही सेकंदांनी आकडा चढू लागतो, कारण घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून आकडा दाखवतं. तोवर खरे ठोके उतरणीला लागलेले असतात. नंतर आलेख उघडून पाहिला की शिखर सेटमध्ये न दिसता विश्रांतीत दिसतं. घड्याळ चुकल्याची ही सर्वांत सोपी खूण. खात्री करायची असेल तर बार ठेवताक्षणी मानेच्या बाजूला दोन बोटं हलकेच ठेवून 15 सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. 34 आले तर 136. आणि ठोके तेव्हा उतरत असतात, म्हणजे सेटच्या शेवटी ते याहून जास्तच होते. लेखकाच्या हिशेबाने हाच माणूस ‘कमी मेहनत’ करणारा ठरला असता!

शिवाय घड्याळ अगदी बरोबर असलं, तरी तीन रिपचा जड सेट 10-15 सेकंदांत संपतो. ठोके पुरते चढायला तेवढा वेळ पुरत नाही. वजन किती घ्यायचं हे सेट संपल्यावर नीट ढबीत आणखी किती रिप निघाल्या असत्या त्यावरून ठरवतात, ठोक्यांवरून नाही.

‘पट्टा सैल ठेवा, त्वचेला हवा लागते’ हेही व्यायामाच्या वेळी चालत नाही. सैल घड्याळ सरकतं आणि फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो. थंडीत तर आणखी पंचाईत. शरीरातली ऊब टिकवायला त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मुळातला एक-दोन टक्क्यांचा फरक आणखी घटतो आणि आकडा उड्या मारतो किंवा नुसत्या रेघा दिसतात. अशा वेळी आधी दहा मिनिटं अंग गरम करावं आणि घड्याळावर बाही ओढून घ्यावी. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं कोपराकडे हवं आणि हलवलं तर त्याच्याबरोबर त्वचाही हलली पाहिजे. मात्र वळ उठेल इतकं आवळलं तर दाबाने तिथलं रक्तच हटतं आणि वाचन पुन्हा बिघडतं. व्यायाम झाल्यावर पट्टा खुशाल सैल करा.

मुठीची अडचण मात्र पट्टा कसून सुटत नाही. वजन उचलताना ठोके हवेच असतील तर छातीचा पट्टा वापरावा, त्याचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करून. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, त्यामुळे मुठीशी त्याचा संबंध येत नाही. छातीला पट्टा नको असेल तर दंडावर बांधायचा प्रकाशाचा सेन्सर मनगटापेक्षा बरा.

जाता जाता छायाचित्राबद्दल. हिरवे दिवे लागलेल्या घड्याळाखाली ‘व्यायाम करताना ईसीजी’ अशी ओळ छापली आहे. हिरवा प्रकाश म्हणजे ईसीजी नव्हे. ज्या घड्याळांत ती सोय आहे, तिथे स्वस्थ बसून दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या धातूच्या भागावर साधारण अर्धा मिनिट टेकवावं लागतं. ही ओळ आणि वजन वाढवण्याचा सल्ला, दोन्हींची दुरुस्ती पुढच्याच पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
पुरवणीचा एक वाचक