बाईंना पाठवण्याआधी तू हे वाच

प्रिय बाळा,

तुझ्या वर्गशिक्षिकांना मी एक पत्र लिहिते आहे. ते तुझ्याबद्दल आहे, म्हणून त्यात काय आहे ते आधी तुला सांगते. जे शाळेला कळू नये असं वाटेल, त्यावर पेन्सिलने काट मार. मी कारण विचारणार नाही.

सुरुवात विज्ञानाच्या चाचणीपासून केली आहे. पेपर हातात आल्यावर तुझे हात थंड पडले, बोटांना मुंग्या आल्या, आणि दुसरा प्रश्न चार वेळा वाचूनही डोक्यात शिरेना. चाळीस मिनिटांत नाव, हजेरी क्रमांक आणि तीन ओळी एवढंच झालं. शेरा मिळाला, ‘अभ्यास नाही’. त्याच संध्याकाळी चादरींच्या घड्या घालता घालता तू त्याच पेपरातल्या दहापैकी नऊ प्रश्नांची उत्तरं मला तोंडी दिलीस. हे मी बाईंना जसंच्या तसं लिहिलंय, कारण तो शेरा चुकीचा होता हे त्यांना कळायलाच हवं.

मग नेमकं काय होतं, तेही लिहिलंय. भीती वाटली की श्वास भरभर चालतो आणि शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. मुंग्या येतात, गरगरतं ते त्यामुळे. आणि वाचलेलं क्षणभर धरून ठेवायला मनात जी थोडीशी जागा असते, ती ‘सगळे लिहितायत, मलाच येत नाही’ या एका विचाराने भरून जाते. पाठ केलेलं पुसलं जात नाही, फक्त त्या वेळी हाताला लागत नाही. ही लाट बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचते आणि मग उतरायला लागते. तू मात्र त्याच दहा मिनिटांत ‘संपलं सगळं’ असं ठरवून टाकतेस. म्हणून मी शाळेकडे मागतेय ते मुख्यतः ही दहा मिनिटं निभावण्यापुरतंच.

दाराजवळचा बाक, म्हणजे बाहेर जाताना सगळ्या वर्गासमोरून चालावं लागणार नाही. बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायला एक छोटं कार्ड. ते उलटं केलंस की न बोलता पाच मिनिटं बाहेर जाता येईल, आणि तेवढी मिनिटं शेवटी वाढवून मिळतील. पर्यवेक्षकांनी जवळ येऊन ‘काय झालं, लिहीत का नाहीस?’ असं विचारू नये, हेही लिहिलंय. त्या एका प्रश्नाने सगळ्या माना तुझ्याकडे वळतात, हे तूच मला सांगितलं होतंस. बाहेर गेल्यावर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. जोरजोराने खोल श्वास घेऊ नकोस, त्याने मुंग्या वाढतात. परत आलीस की सर्वांत सोपा प्रश्न आधी, तो कितवाही असो.

चाचण्यांमधून सूट मात्र मी मागितलेली नाही. यावर तू रागावशील, म्हणून कारण सांगते. मागच्या सत्रात दोन चाचण्यांना मी तुला घरी ठेवलं. दोन्ही वेळा दुपारपर्यंत तू मोकळी झालीस, आणि मलाही बरं वाटलं. पण दुसरी चुकवल्यावर तिसरीच्या आधी तू तीन रात्री झोपली नाहीस. टाळलं की सुटका होते आणि मनाला पटतं की टाळलं म्हणूनच वाचलो. ती चूक माझी होती.

त्याऐवजी छोट्या पायऱ्या मागितल्यात. पहिल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्याच बाकावर नुसतं बसायचं. पुढे तिथेच दहा मिनिटांचा, गुण नसलेला पेपर. मग वीस मिनिटांचा, दोन-तीन मुलं असताना. त्यानंतर वर्गाबरोबर. एखादी पायरी जड गेली तर तिच्यावरच आणखी आठवडाभर थांबायचं. सहा आठवड्यांनी बाई, तू आणि मी बसून काय उपयोगी पडलं ते बघू. एवढं करूनही झोप आणि जेवण सुधारलं नाही, तर समुपदेशकांकडे जाऊ. त्यांच्याशी मी बोलून ठेवलंय.

ही गोष्ट बाई आणि त्या दिवशीचे पर्यवेक्षक एवढ्यांनाच कळावी, असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. तुझ्या मैत्रिणींना सांगायचं की नाही, ते तू ठरव.

कार्डाचा रंग मी लिहिलेला नाही, ती जागा कोरी आहे. तुला हवा तो रंग लिही आणि कागद माझ्या टेबलावर ठेव. सोमवारी सकाळी मी पत्र पाठवेन. तोपर्यंत तू काट मारली नसशील, तरी एकदा तोंडाने ‘पाठव’ म्हण. त्याशिवाय मी पाठवणार नाही.

तुझी
आई