नोटिशीआधी मोजमाप

प्रति,
संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

घराचे नूतनीकरण अर्धवट टाकून पळालेल्या ठेकेदाराबद्दल एका वाचकाचे पत्र गेल्या आठवड्यात याच सदरात आले होते. वकिलामार्फत नोटीस पाठवली, ‘दिलेली सर्व रक्कम 24 टक्के व्याजाने व मानसिक त्रासाच्या 5 लाखांसह परत करा, नाहीतर फौजदारी करू’ असे बजावले, आणि पुढे काहीच झाले नाही, अशी त्यांची तक्रार होती. ते वाचून मी अस्वस्थ झालो, कारण वर्षभरापूर्वी मीही अगदी तशीच नोटीस पाठवणार होतो. बांधकाम खात्यात 31 वर्षे शाखा अभियंता म्हणून काढल्यामुळे एक सवय मात्र अंगात होती. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय कोणतेही बिल पुढे सरकवायचे नाही. त्या सवयीमुळे माझे पैसे वाचले. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

नाशिकमधल्या आमच्या जुन्या फ्लॅटचे काम 6,40,000 रुपयांना ठरले होते. दोन्ही संडास-बाथरूम नव्याने करायची, सगळे नळकाम व वायरिंग बदलायचे, फरशी, ओटा आणि रंग. मुदत 31 मार्चची. सुरुवातीला 2,00,000 आणि तोडफोड झाल्यावर 1,50,000 मी बँकेतून दिले. ‘काका, फरशीवाल्याला आजच द्यायचेत’ म्हणून 50,000 रोख नेले. एकूण 4,00,000 गेले. फेब्रुवारीच्या शेवटी गवंडी यायचे थांबले. आधी ‘माणसं गावी गेलीत’, मग ‘शिमग्यानंतर लावतो’, मग ‘सोमवारी नक्की, काका’ असे चालले, आणि एप्रिलमध्ये फोन उचलणेच बंद झाले. आम्ही महिना 14,000 भाड्याच्या घरात राहत होतो.

अशा वेळी माणूस रागाने दोन चुका करतो. एक तर दुसरा ठेकेदार लगेच कामाला लावतो, किंवा सगळे पैसे परत मागतो. दुसरा ठेकेदार आला की पहिल्याने काय केले होते ते फरशीखाली जाते. भिंतीतले पाइप, चर मारून टाकलेल्या नळ्या, बाथरूमच्या कोब्याखालचे वॉटरप्रूफिंग, यांतले काहीच नंतर दिसत नाही. मग पहिला ठेकेदार ‘माझे 60 टक्के काम झाले होते’ म्हणाला तर खोडून काढायला हातात काय उरते? आणि सगळे पैसे मागितले की त्याने केलेल्या कामाचे मोल आपण शून्य धरतो, ते कोणालाही पटत नाही.

माझ्या ओळखीच्या वकीलबाईंनी आणखी एक गोष्ट सुचवली. आधी त्याला काम पूर्ण करण्याची लेखी संधी द्या, नाहीतर ‘मी काम करायला तयार होतो, यांनीच मला हाकलले’ असा त्याचा बचाव ठरलेला असतो. म्हणून 22 एप्रिलला मी स्वतःच साधे पत्र पाठवले. दहा दिवसांत माणसे लावून काम सुरू करा. तसे न झाल्यास तुम्ही करार सोडला असे आम्ही समजू आणि 4 मे रोजी सकाळी 11 वाजता जागेवर मोजमाप घेऊ, तेव्हा हजर राहा, एवढाच मजकूर होता. अशा पत्राला वकील लागत नाही.

पत्र कोणाला आणि कुठे पाठवायचे, यावर मात्र वेळ खर्च करावा. कोटेशनवर नुसते दुकानाचे नाव होते. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला कायद्यात वेगळे अस्तित्व नसते. नोटीस मालकाच्या नावे, ‘अमुक फर्मचे प्रोप्रायटर’ म्हणून जावी लागते. कोटेशनवर जीएसटी क्रमांक होता. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला तर मालकाचे कायदेशीर नाव आणि व्यवसायाचा मुख्य पत्ता मिळाला, आणि तो व्हिजिटिंग कार्डावरच्या पत्त्यापेक्षा निराळा होता. दोन्ही पत्त्यांवर पोचपावतीसह टपालाने पत्र पाठवले, त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. एक पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आले. ते फोडू नका, तसेच जपून ठेवा. बरोबर पत्त्यावर रीतसर पाठवलेले पत्र नाकारले म्हणून ते मिळालेच नाही, असे सहसा धरले जात नाही.

4 मेला तो आला नाही. सोसायटीचे सचिव आणि शेजारचे एक गृहस्थ साक्षीला होते. मोजमाप मी घेतले असते, पण घर माझे आणि मोजणाराही मीच, हे बरे दिसले नसते. म्हणून बाहेरचा एक परवानाधारक अभियंता फी देऊन बोलावला. कोटेशनमधली एकेक बाब घेऊन किती झाले, किती राहिले, ते त्याने लिहिले. प्रत्येक भिंतीचे फोटो टेप लावून काढले, आणि पहिल्या फोटोत त्या दिवशीचा आपलाच अंक धरला होता. दोन्ही बाथरूममध्ये 48 तास पाणी कोंडून ठेवले. दुसऱ्या दिवशी खालच्या घराच्या छताला ओल आली, तिचेही फोटो काढले. शेवटी पंचनाम्यावर चौघांच्या सह्या झाल्या.

त्यातून जो हिशेब निघाला तोच पुढे नोटिशीचा कणा झाला. तोडफोड व राडारोडा उचलणे 38,000, झालेले नळकाम 52,000, वायरिंगच्या नळ्या 35,000 आणि वापरता येईल असा पडलेला माल 30,000, असे मिळून 1,55,000 त्याच्या बाजूला जमा धरले. हे सगळे दर त्याच्याच कोटेशनमधले होते. गळणाऱ्या वॉटरप्रूफिंगचे काही धरले नाही. म्हणजे 4,00,000 मधले 2,45,000 त्याच्याकडे काम न करता राहिले.

पण नुकसान तिथेच संपत नाही. जुन्या दराने उरलेले काम 4,85,000 चे होते. नव्या ठेकेदाराने पहिल्यांदा 6,90,000 सांगितले, कारण त्यात आमच्या सौभाग्यवतींनी पसंत केलेली महागडी फरशी आणि मॉड्युलर किचन होते. ते मी काढायला लावले. जुन्याच वर्णनाचे काम आजच्या दराने करायला 5,60,000 लागणार होते. फरक 75,000 चा. वाढीव हौसेचा खर्च पहिल्या ठेकेदाराच्या माथी मारता येत नाही, आणि मारायला गेलो तर बाकीचे आकडेही संशयास्पद होतात. 2,45,000 अधिक 75,000, म्हणजे 3,20,000. त्यात मुदत संपल्यावरचे एप्रिल ते जून असे तीन महिन्यांचे भाडे 42,000 मिळवून 3,62,000 झाले. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 73 करारभंगातून सरळ उद्भवलेले नुकसान भरून देते. पण नुकसान कमी करायला हाताशी काय उपाय होते, हेही त्याच कलमात पाहिले जाते. वर्षभर नुसते बसून भाड्याचा आकडा वाढवत नेला तर तो सगळा मिळेल, अशी आशा धरू नये.

16 मेला वकीलबाईंनी दोन पानी नोटीस पाठवली. तारखा, दिलेल्या रकमा, पंचनामा, वरचा हिशेब आणि पैसे भरायला पंधरा दिवस, एवढेच त्यात होते. 50,000 रोख दिल्याची पावती नव्हती, पण ‘50 मिळाले काका’ असा त्याचा व्हॉट्सॲप संदेश होता, त्याची तारीख नोटिशीत घातली. असा संदेश पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून तो फोन विकू नका आणि संदेश पुसू नका.

पोलिसांचा उल्लेख आम्ही केला नाही, हे त्या वाचकांना मुद्दाम सांगतो. फसवणुकीचा गुन्हा (आता भारतीय न्याय संहितेचे कलम 318) ठरायला पैसे घेतानाच बुडवण्याचा हेतू होता हे दिसावे लागते. नुसता करार मोडणे म्हणजे फसवणूक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. दोन महिने माणसे लावून काम केलेल्या ठेकेदाराबाबत चौकीत ‘ही दिवाणी बाब आहे’ असेच उत्तर मिळते. ते त्यालाही ठाऊक असते, आणि पोकळ धमकीमुळे नोटिशीतल्या खऱ्या मागणीचेही वजन जाते.

आम्ही बोट ठेवले ते जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगावर. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. त्यासाठी आधी नोटीस दिलीच पाहिजे असेही बंधन नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि फोनवरच्या आश्वासनांनी किंवा नोटीस पाठवल्याने ती वाढत नाही. ‘सोमवारी लावतो’ ऐकत दोन वर्षे घालवलेली माणसे मी पाहिली आहेत.

बाराव्या दिवशी त्याच्या वकिलाचे उत्तर आले. आम्ही कामात बदल केले, पुढचा हप्ता दिला नाही, आणि काम जास्त झाले होते, असे तीन आक्षेप होते. पुढचा हप्ता फरशी पूर्ण झाल्यावर द्यायचा असे कोटेशनमध्येच लिहिले होते आणि फरशी सुरूच झाली नव्हती. जास्तीच्या कामाला पंचनामा हे उत्तर होते. बेसिनची जागा आम्ही बदलली होती हे मात्र खरे होते, त्याचे 6,000 आम्ही मान्य केले. त्यानंतर बोलणी पैशांवर आली आणि 3,10,000 वर लेखी तडजोड झाली. 1,00,000 लगेच बँकेत जमा झाले आणि बाकीच्या रकमेचे 70,000 चे तीन धनादेश त्याने दिले. माझ्या हिशेबापेक्षा 46,000 कमी घेतले, ते आयोगातल्या तारखा वाचाव्यात म्हणून.

पहिला धनादेश वटला. दुसरा ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ म्हणून परत आला. इथे नोटीस ऐच्छिक राहत नाही. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणी केलीच पाहिजे आणि ती मिळाल्यावर त्याला पैसे भरायला 15 दिवस मिळतात. ती चौथ्या दिवशी पाठवली, नवव्या दिवशी पैसे आले. तिसऱ्या धनादेशाची तारीख येत्या 10 ची आहे. पहिल्या पत्राची प्रत, पंचनामा आणि ते न फोडलेले पाकीट अजून एकाच फाइलीत ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, नाशिक