रेंजचा आकडा मागच्या रस्त्याचा, घाट पुढचा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने इलेक्ट्रिक गाडीबद्दल तक्रार केली आहे. कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने पुण्याला निघताना स्क्रीनवर १६० किलोमीटर रेंज होती, लोणावळ्याला पोहोचेपर्यंत ती तीसवर आली, म्हणजे कंपनीने बॅटरी सदोष दिली, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा संताप मी समजू शकते. पण त्यांनी दिलेल्या आकड्यांवरून बॅटरीत दोष आहे असे मला वाटत नाही. माझे आयुष्य मोटर आणि बॅटरीच्या चाचण्या घेण्यात गेले, म्हणून हा हिशेब मांडून दाखवावासा वाटतो. घाट चढण्याआधी त्यांना तो माहीत असता, तर त्यांच्या जिवाची घालमेल झाली नसती.

स्क्रीनवरचा आकडा एका साध्या भागाकारातून येतो. बॅटरीत शिल्लक असलेले युनिट भागिले दर किलोमीटरला लागणारे युनिट. (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचेच.) अडचण दुसऱ्या आकड्यात आहे. पुढे किती युनिट लागतील हे गाडीला कळायला मार्ग नसतो, म्हणून ती मागे किती लागले ते बघते. कुठली गाडी शेवटचे पन्नास किलोमीटर धरते, कुठली गेल्या काही दिवसांची सरासरी घेऊन त्यात ताजे काही किलोमीटर मिसळते; प्रत्येक कंपनीचे सूत्र वेगळे आणि ते सहसा जाहीर नसते. क्रिकेटच्या सामन्यात दहाव्या षटकाला ‘याच गतीने गेल्यास इतक्या धावा’ असे दाखवतात, तसेच हे. काही महागड्या गाड्यांत नकाशात मुक्काम टाकला की पुढचा चढ-उतार आणि वेग धरून हिशेब होतो. बाकी गाड्यांना खोपोलीच्या पुढे घाट आहे याचा पत्ताही नसतो.

आता त्या वाचकांचाच प्रवास घेऊ. त्यांनी गाडीचे नाव लिहिलेले नाही, म्हणून मी एक नेहमीची छोटी एसयूव्ही धरते: वापरता येण्याजोगी बॅटरी ३० युनिटची, माणसे आणि सामान धरून वजन १८०० किलो, एसी चालू. शहरात चाळीस-पन्नासच्या वेगाने फिरताना अशी गाडी १०० किलोमीटरला साधारण ११ युनिट घेते. ६० टक्के चार्ज म्हणजे १८ युनिट. १८ युनिटला ११ च्या दराने भागले की उत्तर येते १६३ किलोमीटर. म्हणजे कळंबोलीला दिसलेला आकडा खोटा नव्हता. तो आदल्या आठवड्यातल्या शहरी रस्त्यांचा होता.

द्रुतगती मार्गावर पहिली गोष्ट बदलते ती वेग. गाडीला दोन विरोध सतत झेलावे लागतात, टायरच्या घर्षणाचा आणि हवेचा. टायरचा विरोध वेग वाढला तरी फारसा बदलत नाही. या गाडीला त्यासाठी १०० किलोमीटरमागे साधारण साडेपाच युनिट लागतात. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० च्या वेगाला त्यासाठी साडेतीन युनिट पुरतात, १०० च्या वेगाला जवळपास दहा लागतात. मोटर आणि गिअरमधली घट, एसी, दिवे हे सगळे धरून एकूण खर्च ६० च्या वेगाला सुमारे १२.४, ८० ला १४.९ आणि १०० ला १८.६ युनिट असा येतो. पेट्रोल गाडी चालवलेल्यांना हे उलटे वाटते, कारण त्या गाड्या शहरात जास्त पितात आणि हायवेवर ॲव्हरेज देतात. पेट्रोल इंजिन कमी भाराला इंधन वाया घालवते आणि ब्रेक दाबला की गाडीचा वेग उष्णतेत जातो. इलेक्ट्रिक गाडीत हे दोन्ही तोटे बरेच कमी असतात, म्हणून उरतो तो हवेचा विरोध, आणि तो स्पष्ट दिसतो.

दुसरी गोष्ट घाट. खोपोली ते लोणावळा गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. १८०० किलो वजन तेवढे उचलायला २.७ युनिट लागतात, मोटरमधली घट धरून तीन. तुम्ही सावकाश चढा की जोरात, उंचीचे हे तीन युनिट द्यावेच लागतात, आणि ३० युनिटच्या बॅटरीत ते दहा टक्के होतात. घाटाच्या तेरा किलोमीटरना ६० च्या वेगाने सपाटीवर जेमतेम १.६ युनिट लागले असते, तिथे ४.७ लागतात.

बेरीज करू. पायथ्यापर्यंतचे ३५ किलोमीटर १०० च्या वेगाने, ६.५ युनिट. घाट, ४.७ युनिट. वर पोहोचल्यावर ६.८ युनिट शिल्लक, म्हणजे २३ टक्के. गेल्या ४८ किलोमीटरचा सरासरी खर्च १०० किलोमीटरला २३ युनिटच्या वर गेलेला. त्याने भागले की स्क्रीनवर येतात २९ किलोमीटर. वाचकांनी लिहिलेला ‘तीस’ हाच.

इथे मला त्यांना एक आवर्जून सांगायचे आहे. खाली आकडा फार आशावादी होता, तसा वर तो फार निराशावादी झालेला असतो, कारण गाडी आता पुढेही सगळा घाटच आहे असे धरून चालते. प्रत्यक्षात लोणावळ्यापासून द्रुतगती मार्ग संपतो त्या किवळ्यापर्यंतचे ४६ किलोमीटर बहुतांशी सपाट आहेत. त्या ६.८ युनिटमध्ये १०० च्या वेगाने ३६ किलोमीटर होतील, ७० च्या वेगाने ५०. म्हणजे पोहोचता येते, पण अगदी काठावर, आणि चार्ज तळाला गेला की बऱ्याच गाड्या मोटरची ताकदही कमी करतात. अशा वेळी लोणावळ्यालाच थोडे चार्ज करून घ्यावे. आणि कळंबोलीपासूनच ८० चा वेग ठेवला असता, तर संपूर्ण प्रवासाला १६.८ युनिट लागले असते. १०० ने १९.८ लागतात. हातात होते १८.

परतीच्या प्रवासात हेच सगळे फिरते. उतरताना मोटर जनरेटर होते, ज्याला गाडीवाले ‘रीजन’ म्हणतात, आणि घाटात या गाडीच्या बॅटरीत पाऊण-एक युनिट परत जमा होते. चढताना घातलेले सगळे मिळत नाही. काही टायर आणि हवेत जाते, काही वीज परत भरण्यातल्या घटीत. तरीही ८० च्या वेगाने किवळे ते कळंबोली साधारण साडेअकरा युनिटमध्ये होते. रस्ता तोच, फरक पाच युनिटहून जास्त. एक खबरदारी मात्र हवी: लोणावळ्यात बॅटरी १०० टक्के भरून लगेच घाट उतरू नये. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते, रीजन जवळपास बंद होते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

तापमानाबद्दलही त्याच पत्रात एक ओळ आहे की एसी लावताच वीस किलोमीटर ‘गायब’ झाले. उन्हात उभ्या गाडीत एसी पहिली काही मिनिटे दोन-तीन किलोवॉट घेतो, आणि काही गाड्या तोच भार शेवटपर्यंत राहील असे धरून आकडा खाली आणतात. गाडी थंड झाली की भार उतरतो आणि आकडाही सावरतो. एसीचा खर्च तासावर असतो, किलोमीटरवर नाही. तासाला दीड युनिट धरले, तर ८० च्या वेगाला १०० किलोमीटरमागे दोन युनिटसुद्धा होत नाहीत. हिंजवडीच्या कोंडीत २० च्या वेगाला तेच साडेसात होतात. नागपूरच्या मे महिन्यात बॅटरी थंड ठेवण्याचा खर्च त्यात आणखी मिळवावा.

थंडीचा त्रास वेगळा आणि जास्त खोल. गारठ्यात बॅटरीच्या सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो, रीजन आणि जलद चार्जिंग दोन्ही आखडते. इंजिनची फुकटची उष्णता नसल्याने हीटरलाही बॅटरीतूनच वीज लागते. नॉर्वेत दरवर्षी हिवाळ्यात गाड्या प्रत्यक्ष चालवून रेंज मोजतात, तिथे हा फरक ठळकपणे दिसतो. निफाडच्या थंडीत तो आपल्याला पहाटे थोडाफार जाणवेल, एवढेच.

मग बॅटरी खरोखर सदोष आहे हे कसे ओळखावे? रेंजच्या आकड्यावरून मुळीच नाही. प्रवासात टक्के किती उतरले आणि ट्रिप मीटर सरासरी खर्च किती दाखवतो ते बघावे, आणि त्या सरासरीला धावलेल्या किलोमीटरने गुणून एकूण युनिट काढावेत. ५० टक्के उतरले आणि मीटरप्रमाणे १५ युनिट खर्च झाले, तर ३० युनिटची बॅटरी ठणठणीत आहे. तेवढ्याच टक्क्यांत बाराच युनिट निघाले, तर मात्र सर्व्हिस सेंटरला दाखवावी. त्याआधी एक तपासणी घरी करावी. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहूनच टक्के ठरतात आणि त्यात हळूहळू चूक साठते. मग १५ टक्क्यांवरून एकदम ८ वर उडी पडते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून १०० टक्के चार्ज केले की हा हिशेब पुन्हा जागेवर येतो.

कंपन्यांबद्दल त्यांचा राग मात्र एका बाबतीत रास्त आहे. जाहिरातीतली प्रमाणित रेंज ज्या भारतीय चाचणीतून येते, त्या चक्रात सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास, कमाल ९० आणि तोही थोडा वेळ. चाचणी रोलरवर, एसी बंद. गाड्यांची आपसांत तुलना करायला ही चाचणी उपयोगी आहे, पुण्याला पोहोचायला नाही. आपल्या दैनिकात दर आठवड्याला गाड्यांची परीक्षणे येतात आणि त्यांत हाच प्रमाणित आकडा ठळकपणे छापला जातो. माझी विनंती आहे की त्याच्याशेजारी ६०, ८० आणि १०० च्या स्थिर वेगाला, एसी चालू ठेवून, १०० किलोमीटरला किती युनिट लागले हे छापावे, आणि खोपोली ते लोणावळा चढताना बॅटरीचे किती टक्के उतरले तेही. आपले परीक्षक हा घाट नाहीतरी चढतातच. पायथ्याशी आणि माथ्यावर स्क्रीनचा एकेक फोटो घेतला की काम झाले.

आपली,
एक निवृत्त विद्युत अभियंता, चिंचवड