२ एमबीपीएसचा प्लॅन नको, सिलेक्टिव्ह रिपीट सुरू करून द्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: उपग्रह लिंकवर भाड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच वेग मिळत असल्याबाबत तक्रार

महोदय,

घाटमाथ्यावरच्या पर्जन्यमापन केंद्रातून पुण्याच्या कार्यालयात माहिती आणण्यासाठी आम्ही आपली व्हीसॅट लिंक वापरतो. भाडे १ एमबीपीएसचे भरतो, फाइल मात्र जेमतेम १०० केबीपीएसने येते. त्यावर आपल्या अभियंत्यांनी २ एमबीपीएसचा प्लॅन घेण्याचा सल्ला दिला. त्याने काहीही साधणार नाही, हे दाखवण्यासाठी हे पत्र.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवर असतो. फ्रेम, म्हणजे माहितीचा एक तुकडा, वर जाऊन खाली यायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि तिची पोच परत यायला तेवढाच. जाऊन-येऊन ५४० मिलिसेकंद धरू. आमची फ्रेम ८,००० बिटची आहे, म्हणजे १ एमबीपीएसवर ती ८ मिलिसेकंदांत बाहेर पडते. तिची पोच हाती येते ५४८व्या मिलिसेकंदाला.

आपल्या मॉडेममध्ये खराब फ्रेम पुन्हा पाठवण्यासाठी सध्या गो-बॅक-एन ही पद्धत आहे आणि विंडो ७ची, म्हणजे पोच येईपर्यंत सातच फ्रेम पाठवता येतात. समोर उभे राहिले की हे डोळ्यांना दिसते: TX दिवा क्षणभर लुकलुकतो आणि मग जवळजवळ अर्धा सेकंद विझलेला राहतो. ५६ मिलिसेकंद काम, उरलेला वेळ वाट पाहणे. ५४८ मिलिसेकंदांत ५६,००० बिट म्हणजे १०२ केबीपीएस. आता २ एमबीपीएस घेतले तर त्याच सात फ्रेम २८ मिलिसेकंदांत निघतील, पण पोच ५४४व्या मिलिसेकंदालाच येईल. वेग होईल १०३ केबीपीएस. भाडे वाढेल, आणि पदरात पडेल १ केबीपीएस.

पावसाळ्यापूर्वी आमच्या आग्रहावरून आपण फ्रेमना सात बिटचे क्रमांक देऊन विंडो १२७ केली होती. लिंक सतत भरलेली ठेवायला ६९ फ्रेम पुरतात, त्यामुळे तेव्हा पूर्ण वेग मिळाला. पाऊस सुरू झाल्यावर तो ६०० केबीपीएसच्याही खाली आला. केयू बँडचा सिग्नल पावसात क्षीण होणारच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. शंभरात एक फ्रेम खराब होत होती. पण गो-बॅक-एनमध्ये घेणारे मॉडेम खराब फ्रेमनंतर आलेल्या सगळ्या चांगल्या फ्रेम टाकून देते. फ्रेम नाकारल्याचा REJ हा संदेश परत पोहोचेपर्यंत पाठवणाऱ्याच्या आणखी सुमारे ६८ फ्रेम निघून गेलेल्या असतात, त्या सगळ्या पुन्हा पाठवाव्या लागतात. एका फ्रेमच्या चुकीची किंमत ६९ फ्रेम. सूत्रात घातले तर ०.९९ भागिले (०.९९ + ०.६९), म्हणजे ५९ टक्के. मॉडेमच्या नोंदीत REJ चा आकडा आणि पुन्हा पाठवलेल्या फ्रेमचा आकडा शेजारी ठेवलात, तर हेच प्रमाण आपल्यालाही दिसेल.

यावर आपण उपाय काय केला? चुका कमी व्हाव्यात म्हणून विंडो १ केली, म्हणजे सरळ स्टॉप-अँड-वेट. त्यात फ्रेम खराब झाली तर एकच पुन्हा जाते, हे खरे. पण प्रत्येक ८ मिलिसेकंदांच्या फ्रेममागे ५४० मिलिसेकंद लिंक रिकामी राहते. वेग १५ केबीपीएसवर आला. पावसाची नोंद वेळेत मिळाली नाही, तर आम्हाला धरणाखालच्या गावांना वेळेत कळवता येत नाही. आम्ही ओरड केल्यावर आपण विंडो पुन्हा ७ केली आणि २ एमबीपीएसचे पत्रक हाती ठेवले.

आमची मागणी सिलेक्टिव्ह रिपीटची आहे. त्यात घेणारे मॉडेम पुढच्या चांगल्या फ्रेम राखून ठेवते आणि SREJ पाठवून फक्त खराब झालेली मागते. सात बिटच्या क्रमांकांत यासाठी विंडो ६४च्या वर नेता येत नाही, याची आम्हाला कल्पना आहे. त्याहून मोठी केली आणि पोचा वाटेत हरवल्या, तर पुन्हा आलेली जुनी फ्रेम घेणाऱ्याला नवीच वाटू शकते. ६४ हा आकडा ६९ला थोडा कमी पडतो, त्यामुळे कोरड्या दिवसांत ९३ टक्केच वेग मिळेल. आम्हाला तो मान्य आहे, कारण तशाच पावसात ९२ टक्के टिकेल. राखून ठेवायला लागणारी जागा ६४ गुणिले १,००० बाइट, म्हणजे ६४ केबी. एवढी मेमरी मॉडेममध्ये नाही, हे कारण आम्ही ऐकून घेणार नाही.

तरी दोन्ही टोकांच्या मॉडेमवर SREJ सुरू करून विंडो ६४ करावी, २ एमबीपीएसचा प्रस्ताव मागे घ्यावा आणि विंडो १ व ७ असलेल्या काळाचे भाडे त्या प्रमाणात परत करावे. मॉडेम SREJ चालवू शकत नसेल, तर तसे लेखी कळवून बदलून द्यावे. हे काम कोणत्या तारखेला होणार, ते लेखी उत्तरात नमूद करावे.

आपला,
संगणक विभाग प्रमुख
पुणे कार्यालय